मुलांचं बोलणं स्मार्ट स्पीकरला का कळत नाही? आणि ‘चाइल्ड प्रोफाइल’ खरेदी, गाणी, उत्तरं नेमकी कशी अडवतं?

घरात स्मार्ट स्पीकर असेल, तर हा प्रकार तुम्ही पाहिलाच असेल. आई एकदा सांगते आणि गाणं लागतं. तेच गाणं पाच वर्षांचं पोर तीनदा मागतं, चौथ्यांदा ओरडून मागतं, आणि स्पीकर एकतर गप्प बसतो नाहीतर भलतंच काहीतरी लावतो.

आपण हसतो आणि म्हणतो, ‘अजून बोबडं बोलतोय ना, म्हणून.’ ते थोडंफार खरं आहे. पण ज्या मुलांचे उच्चार एकदम स्वच्छ आहेत, त्यांचंही बोलणं या यंत्रांना मोठ्यांइतकं नीट कळत नाही. याचं मुख्य कारण मुलांच्या जिभेत नाही, गळ्याच्या लांबीत आहे.

आणि हे फक्त गमतीपुरतं राहत नाही. ज्या कारणामुळे स्पीकरला मुलाचे शब्द कळत नाहीत, त्याच कारणामुळे ‘हे मूल बोलतंय’ हेही त्याला कधीकधी कळत नाही. मुलांसाठीची बरीचशी बंधनं मात्र नेमकी त्याच ओळखीवर उभी असतात.

बासरी छोटी, सूर वेगळा

आपला आवाज दोन टप्प्यांत तयार होतो. स्वरयंत्रातल्या पडद्या थरथरतात आणि मूळ सूर निघतो. मग तो सूर घसा आणि तोंडाच्या पोकळीतून बाहेर येताना घुमतो. ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ यांतला फरक या घुमण्यातून येतो. पोकळीचा आकार बदलला की कुठल्या उंचीचे सूर घुमतात ते बदलतं, आणि यंत्र स्वर ओळखतं ते मुख्यतः त्यावरून.

आता थोडं गणित. मोठ्या पुरुषाची ही पोकळी, म्हणजे स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतचं अंतर, साधारण 17.5 सेंटीमीटर धरा. ही एका टोकाला बंद असलेली नळी समजली, तर ती 500, 1500 आणि 2500 हर्ट्झच्या आसपास घुमते. पाच-सहा वर्षांच्या मुलाची नळी 12 सेंटीमीटरच्या आसपास असते. तोच हिशोब लावला की आकडे होतात साधारण 730, 2190 आणि 3650. स्वर तोच, तोंड तसंच उघडलेलं, पण सगळी मोजमापं जवळजवळ दीडपट वर सरकली. मोठ्यांच्या आवाजावर शिकलेल्या यंत्राला हा ओळखीचा स्वर वाटत नाही, किंवा तो दुसराच कुठलातरी स्वर वाटतो.

हा शेवटचा 3650 चा आकडा जरा लक्षात ठेवा. जुन्या टेलिफोन लाइनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झपर्यंतचाच आवाज जायचा. म्हणजे मोठ्या माणसाचे तिन्ही घुमारे फोनवरून पोहोचायचे, मुलाचा तिसरा वाटेतच कापला जायचा. आजचे स्मार्ट स्पीकर फोनपेक्षा बरेच चांगले ऐकतात. पण बोलणं ओळखणाऱ्या बहुतेक प्रणाली 8000 हर्ट्झपर्यंतचाच आवाज वापरतात, आणि मुलांच्या ‘स’ची बरीचशी ताकद त्या सीमेच्या आसपास आणि तिच्या वर असते. त्यामुळे मुलाचा ‘स’ यंत्रापर्यंत अर्धवटच पोहोचतो.

रांगोळीचे ठिपके कमी पडतात

दुसरी अडचण मूळ सुराची. पुरुषाच्या पडद्या सेकंदाला साधारण 120 वेळा थरथरतात, लहान मुलाच्या 300 वेळा. आवाजात फक्त हा एक सूर नसतो, त्याच्या पटीतले सूरही असतात. पुरुषाच्या आवाजात 120, 240, 360 असे. मुलाच्या आवाजात 300, 600, 900 असे.

यंत्राला घुमण्याचा आकार दिसतो तो या सुरांवरूनच. म्हणजे हे रांगोळीचे ठिपके समजा. 3000 हर्ट्झपर्यंत पुरुषाच्या आवाजात 25 ठिपके पडतात, मुलाच्या आवाजात फक्त 10. पंचवीस ठिपक्यांवरून कमळ कुठलं आणि कासव कुठलं ते सहज कळतं. दहा ठिपक्यांत दोन्ही सारखीच दिसायला लागतात. बायकांचा आवाज या दोघांच्या मधे, साधारण 200 हर्ट्झला असतो. त्यामुळे आईचं ऐकलं जातं आणि मुलीचं नाही, यात आश्चर्य काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग मुलांचा आवाज गणिताने खाली सरकवायचा आणि यंत्राला द्यायचा! संशोधकांनी नेमकं हेच करून पाहिलंय, आणि उलट बाजूने मोठ्यांचे आवाज ‘लहान’ करून त्यावर यंत्राला शिकवूनही पाहिलंय. फायदा होतो, पण पूर्ण नाही. कारण मुलांचं बोलणं म्हणजे मोठ्यांच्या बोलण्याची छोटी आवृत्ती नव्हे. एकच मूल एकच शब्द सकाळी एक आणि संध्याकाळी दुसऱ्या पद्धतीने उच्चारतं. हा चढउतार बारा वर्षांच्या आसपास मोठ्यांच्या पातळीला येतो, असं मुलांच्या उच्चारांच्या मोजणीतून दिसलं आहे.

‘अलेक्सा’ नाही, ‘अलेत्सा’

मग येतं बोबडेपण. लहान मुलं ‘क’च्या जागी ‘त’ म्हणतात, ‘र’च्या जागी ‘ल’. काकाचा ताता होतो. ‘अलेक्सा’ या शब्दात ‘क’ आणि ‘स’ एकमेकांना चिकटलेले आहेत, आणि अशी जोडाक्षरं मुलांना उशिरा जमतात. स्पीकर जागा होतो तो हा एक शब्द ऐकून, आणि तो शब्द ओळखणारा भाग उपकरणातच बसवलेला असतो, छोटा आणि थोडा हट्टी. ‘अलेत्सा’वर तो जागाच झाला नाही, तर पुढचं कितीही स्पष्ट बोललेलं वाया.

आणखी एक गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. मूल वाक्याच्या मधे थांबतं. ‘अलेक्सा, मला ते… ते हत्तीचं… हत्तीवालं गाणं.’ स्पीकर मात्र थोडी शांतता झाली की वाक्य संपलं असं धरून चालतो. मग तो ‘मला ते’ एवढ्यावरच उत्तर शोधायला निघतो.

आपल्याकडे यावर भाषेचा एक थर चढतो. अलेक्साचे आणि गूगलचे स्पीकर भारतात इंग्रजी आणि हिंदी समजतात. गूगल असिस्टंटला मराठी 2018 पासून कळायला लागली, पण ती फोनवर. त्यामुळे मराठी घरातलं मूल स्पीकरशी बोलतं ते मुळात दुसऱ्या भाषेत, आणि त्यात गाण्याचं नाव मराठी.

अशा अर्धवट ऐकलेल्या वाक्याचं यंत्र काय करतं? ते ‘कळलं नाही’ म्हणतंच असं नाही. अनेकदा ते आवाजाशी जुळणारं, आपल्या यादीतलं सगळ्यात संभाव्य वाक्य निवडतं. 2016 च्या डिसेंबरमध्ये व्हायरल झालेला एक व्हिडिओ कदाचित तुम्ही पाहिला असेल. अमेरिकेतला एक चिमुकला अलेक्साकडे मुलांचं गाणं मागतो, आणि अलेक्सा अश्लील शब्दांची यादीच म्हणायला लागते. मागे मोठी माणसं ‘नो, नो!’ म्हणून ओरडत असतात. व्हिडिओ विनोदी आहे खरा. पण ऐकण्यातली चूक थेट मजकुराची चूक कशी होते, याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणं कठीण.

मुलांचे आवाज गोळा का करत नाहीत?

सरळ उपाय म्हणजे मुलांच्या आवाजावर यंत्राला शिकवणं. पण आवाज आणायचे कुठून? संशोधनात खूप वापरला जाणारा ‘लिब्रीस्पीच’ हा संग्रह साधारण 1000 तासांचा आहे, आणि तो बनला आहे ऑडिओबुक वाचणाऱ्यांच्या आवाजांतून. सहा वर्षांचं मूल काही ऑडिओबुक वाचून देत नाही. त्याला माइकसमोर बसवणंच अवघड, आणि त्याआधी पालकांची रीतसर संमती लागते.

ती का लागते, हे 2023 च्या एका प्रकरणातून कळतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि तिथल्या न्याय विभागाने ॲमेझॉनवर आरोप ठेवला, की अलेक्साशी बोललेल्या मुलांचे आवाज कंपनीने गरजेपेक्षा जास्त काळ साठवले आणि पालकांनी पुसायला सांगूनही काही माहिती ठेवली. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत, पण तडजोडीत अडीच कोटी डॉलरचा दंड ठरला. या प्रकरणात कमिशनने मांडलेला एक मुद्दा आपल्या विषयाचा आहे: मुलांचं बोलणं मोठ्यांपेक्षा वेगळं असतं, त्यामुळे हे साठवलेले आवाज म्हणजे अलेक्साला मुलांचं बोलणं शिकवायला कंपनीच्या हाती लागलेला मौल्यवान साठा होता.

म्हणजे स्पीकरला आपल्या मुलाचं नीट कळावं असं वाटत असेल, तर कुणाच्या तरी मुलांचे आवाज कुठेतरी साठवावे लागणार. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागेल असं म्हटलं आहे. अमेरिकेतली वयाची रेषा 13 ची आहे.

न कळण्यापेक्षा जास्त कळलं तर?

‘याचं बोलणं स्पीकरला कळतच नाही, तो काय खरेदी करणार!’ असं वाटत असेल तर डॅलसची गोष्ट ऐका.

2017 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या डॅलस शहरात सहा वर्षांच्या एका मुलीने घरातल्या ॲमेझॉन एकोशी बाहुलीघर आणि बिस्किटांबद्दल गप्पा मारल्या. काही दिवसांत घरी खरंच महागडं बाहुलीघर आलं, सोबत चार पौंड, म्हणजे पावणेदोन किलोच्या वर, बिस्किटं. यात यंत्राने ऐकण्यात काहीच चूक केली नव्हती. उलट त्याने अगदी बरोबर ऐकलं होतं.

गोष्ट इथे संपली नाही. सॅन डिएगोच्या एका टीव्ही चॅनेलने ही बातमी दिली. निवेदक कौतुकाने म्हणाला, की ‘अलेक्साने मला बाहुलीघर मागवून दिलं’ असं ती छोटी म्हणते ते किती गोड आहे. आणि प्रेक्षकांचे फोन यायला लागले, की टीव्हीतला आवाज ऐकून आमच्या घरातला एकोही बाहुलीघर मागवायला निघाला!

या गोष्टीत दोन वेगळे प्रश्न आहेत. काय बोललं गेलं, हा पहिला. कोण बोललं, हा दुसरा. त्या वेळी अलेक्सा दुसरा प्रश्न विचारतच नव्हती. गूगलच्या स्पीकरवर माणसानुसार आवाज ओळखण्याची सोय एप्रिल 2017 मध्ये आली, अलेक्सावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. आजचं चाइल्ड प्रोफाइल या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर चालतं.

प्रोफाइल काय अडवतं

गूगलवर मुलाचं खातं ‘फॅमिली लिंक’मधून पालक उघडतात आणि मग स्पीकरला मुलाचा आवाज शिकवतात. त्या आवाजाला असिस्टंट खरेदी करू देत नाही. ॲमेझॉनच्या ‘ॲमेझॉन किड्स’मध्ये आवाजाने खरेदी बंद होते, अश्लील शब्दांची गाणी गाळली जातात आणि मुलांसाठीची बाहेरची स्किल्स सुरू करायला पालकांची परवानगी लागते. कोणत्या देशात यातल्या कोणत्या सोयी मिळतात यात फरक आहे, त्यामुळे आपल्या ॲपमध्ये काय दिसतं तेच खरं माना.

खरेदी बंद म्हणजे दारच बंद, त्यात शंका राहत नाही. मजकुराचं तसं नाही. गाण्याचा फिल्टर गाणं ऐकून ठरवत नाही, गाण्यावर लावलेली ‘एक्सप्लिसिट’ ही चिठ्ठी बघतो. ती चिठ्ठी गाणं पुरवणाऱ्याने लावायची असते. त्याने लावली नसेल, तर फिल्टरच्या लेखी ते गाणं स्वच्छ. माहितीच्या उत्तरांचं आणखी अवघड. डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेत दहा वर्षांच्या एका मुलीने अलेक्साकडे ‘काहीतरी चॅलेंज दे’ असं मागितलं. अलेक्साने वेबवरून उचलून सांगितलं, की फोनचा चार्जर सॉकेटमध्ये अर्धवट खोच आणि उघड्या राहिलेल्या पिनांना नाणं लाव. आई शेजारीच होती म्हणून निभावलं. ॲमेझॉनने नंतर ही चूक दुरुस्त केल्याचं सांगितलं. त्या उत्तरात एकही वाईट शब्द नव्हता, त्यामुळे शब्द गाळणाऱ्या फिल्टरला त्यात पकडण्यासारखं काही नव्हतं.

आणि मूल ‘पाहुणा’ ठरलं तर?

आता सुरुवातीच्या गळ्याच्या लांबीकडे परत येऊ. आवाज शिकवताना स्पीकर मुलाकडून काही वाक्यं म्हणून घेतो आणि त्याचा एक ठसा बनवतो. पुढे प्रत्येक वेळी नवा आवाज या ठशाशी किती जुळतो ते मोजतो. पुरेसा जुळला तर ‘हा अमुक’, नाही जुळला तर अनोळखी पाहुणा.

मुलांच्या बाबतीत हे मोजणं डळमळीत असतं. आवाज रोज थोडा वेगळा, ठिपके कमी, आणि नळी दरवर्षी लांब होत जाते. सहाव्या वर्षी घेतलेला ठसा आठव्या वर्षी जुना झालेला असतो. सात-आठ वर्षांच्या भावाबहिणींचे आवाज तर घरातल्यांनाही फोनवर ओळखू येत नाहीत. मुलाचा आवाज फुटतो तेव्हा तर ठसा जवळपास निरुपयोगीच होतो. गूगल स्वतःच सांगतं, की मिळताजुळता आवाज किंवा रेकॉर्डिंग स्पीकरला फसवू शकतं.

म्हणून खरा प्रश्न हा, की पाहुण्याला काय करता येतं? बऱ्याच घरांत उत्तर असतं: सगळं. मुलाला कुलूप, पाहुण्याला दार उघडं. मग सर्दी झालेलं मूल पाहुणा ठरतं आणि कुलपाच्या बाहेर पडतं.

यावर उपाय सेटिंगमध्ये आहे, फक्त तो आवाजावर अवलंबून नसलेला निवडायचा. गूगल होम ॲपमध्ये Digital wellbeing खाली फिल्टर लावताना ते कुणाला लावायचे असं विचारलं जातं. तिथे सगळ्यांना हा पर्याय आहे, आणि देखरेखीखालची खाती व पाहुणे हाही आहे. दुसरा पर्याय घेतला, तरी न ओळखलं गेलेलं मूल फिल्टरमध्येच राहतं. स्पीकर मुलांच्याच खोलीत असेल, तर माझ्या मते सरळ पहिला घ्यावा. मोठ्यांची थोडी गैरसोय होईल, ती परवडते.

अलेक्सा ॲपमध्ये Settings, मग Account Settings, मग Voice Purchasing असं गेलात की आवाजाने होणारी खरेदी पूर्ण बंद करता येते. पूर्ण बंद नको असेल, तर चार आकडी कोड ठेवता येतो. फक्त ओळखीच्या आवाजाला कोड न विचारता खरेदी करू द्यायची, अशीही एक सोय आहे. ती मुलं असलेल्या घरात चालू करू नका, कारण पुन्हा सगळं त्या डळमळीत ओळखीवर जातं. आणि कोड मोठ्याने बोलायचा असतो हेही विसरू नका. मुलं शेजारी असताना दोनदा बोललात, तर तो त्यांना पाठ झालेला असतो.

‘आपल्याकडे ओटीपी लागतो, मग काय चिंता?’ असंही अनेकांना वाटतं. कार्डाने पैसे देताना ओटीपी आडवा येतो, हे खरं. पण वॉलेटमध्ये आधीच भरून ठेवलेले पैसे साधारणपणे ओटीपी न मागता जातात. एकदा मंजूर केलेली सबस्क्रिप्शन दर महिन्याला आपोआप कापली जाते, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा व्यवहाराला 15,000 रुपयांपर्यंत दरवेळी ओटीपी लागत नाही. त्यामुळे स्पीकरला जोडलेल्या खात्याच्या वॉलेटमध्ये मोठी रक्कम न ठेवणं हे कुठल्याही प्रोफाइलपेक्षा भक्कम कुलूप आहे.

तुमच्या घरात काय चाललंय, ते कसं कळेल?

अंदाज करत बसू नका. स्पीकरने काय ऐकलं याची नोंद ॲपमध्ये असते. अलेक्सात ती Voice History मध्ये मिळेल, गूगलवर My Activity मध्ये. एखाद्या रविवारी मुलाला रोजचीच पाचसहा वाक्यं बोलू द्या, मग तीच वाक्यं तुम्ही बोला आणि नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचा.

मुलाच्या वाक्याची नोंदच नसेल, तर स्पीकर जागाच झाला नव्हता. अलेक्साला हाक मारायचा शब्द बदलता येतो. ‘क्स’ नसलेला Echo किंवा Computer ठेवून बघा. वाक्य अर्ध्यावर तुटलेलं दिसलं, तर मूल मधे थांबलं होतं. आधी मनात म्हण, मग एका दमात बोल, असं त्याला सांगितलं की बऱ्याचदा फरक पडतो. ओरडायला मात्र लावू नका. ओरडताना सूर आणखी वर जातो आणि ठिपके आणखी कमी होतात. शब्दच भलते दिसले, तर ती गळ्याच्या लांबीची आणि उच्चारांची गोष्ट आहे, आणि त्यावर तुमच्या हातात फारसं काही नाही.

शब्दांसोबत वाक्य कुणाच्या नावावर लागलंय तेही दिसत असेल, तर ते आवर्जून बघा. मुलाचं वाक्य तुमच्या नावावर पडलेलं आढळलं, तर स्पीकर त्याला तुम्ही समजतोय, आणि तुमचे सगळे अधिकार त्याला मिळत आहेत. अशा वेळी मुलाचा आणि तुमचा, दोघांचाही आवाज पुसून पुन्हा शिकवा. आणि नव्या ठशावर ओळख नीट बसते आहे हे नोंदीत दिसेपर्यंत आवाजाने होणारी खरेदी बंदच ठेवा.